हळदीच्या फोटोत मावशी जांभळी का दिसते?

लग्नसराई सुरू झाली की फोटो एडिटिंगच्या तयार प्रीसेटना भलतीच मागणी येते. गोऱ्या नवरीसाठी एक, गव्हाळ वर्णासाठी दुसरा, सावळ्या चेहऱ्यासाठी तिसरा, आणि प्रत्येकात टेंपरेचरचा, म्हणजे फोटो किती पिवळा-उबदार की निळा-थंड दिसावा याचा, आकडा निराळा. यामागचा समज असा, की माणसाचा वर्ण बदलला की फोटोचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्तीही, बदलायला हवी. हा समज चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे कळायला कॅमेऱ्याच्या आधी कातडीकडे बघावं लागतं.

कातडीचा रंग मुख्यतः दोन द्रव्यं ठरवतात. वरच्या थरातलं मेलानिन आणि त्याखालच्या रक्तवाहिन्यांतलं हिमोग्लोबिन. मेलानिन निळा प्रकाश सगळ्यात जास्त शोषतं, हिरवा त्याहून कमी आणि लाल सगळ्यात कमी. हिमोग्लोबिनही निळा आणि हिरवा गिळतं आणि लाल बराचसा परत सोडतं. दोघांची आवड अशी मिळतीजुळती असल्यामुळे जगातली कोणतीही कातडी घ्या, तिच्यातून परत येणाऱ्या प्रकाशात लाल सर्वाधिक, मग हिरवा आणि शेवटी निळा, हा क्रम ठरलेला. वर्णातला फरक हा प्रामुख्याने मेलानिन किती आणि कातडीत कसं पसरलंय याचा. मेलानिन बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारखीच असते. पेशी किती मेलानिन बनवतात हे मुख्यतः जनुकं आणि ऊन ठरवतात. गरोदर बाईला केशरदूध पाजून बाळ गोरं होतं म्हणणाऱ्या घरांत एवढं एक वाक्य पोचलं तरी पुष्कळ केशर वाचेल.

आता थोडं मोजून पाहू. छायाचित्रकार रंग तपासायला २४ चौकोनांचा एक तक्ता वापरतात. १९७६ साली मॅकॅमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला. त्यातला पहिला चौकोन गडद त्वचेचा आणि दुसरा उजळ त्वचेचा. स्क्रीनवर पहिल्याचे लाल, हिरवा, निळा यांचे आकडे येतात ११५, ८२, ६८ आणि दुसऱ्याचे १९४, १५०, १३०. दिसायला दोन्ही रंग किती वेगळे! पण यांतून फक्त रंगछटा, म्हणजे ३६० अंशांच्या रंगचक्रावरची जागा काढली, तर गडद त्वचा येते १८ अंशांवर आणि उजळ त्वचा १९ अंशांवर. फरक जेमतेम एका अंशाचा. स्क्रीनचे आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. ते खऱ्या प्रकाशात बदलून पाहिले, तर मात्र परत येणारा लाल प्रकाश एकीत १७ टक्के, तर दुसरीत ५४ टक्के.

अर्थात हे दोन नमुने आहेत. खऱ्या माणसांत कुणी जरा तांबूस, कुणी जरा पिवळट असतं आणि छटा काही अंश इकडेतिकडे सरकते. तरीही व्हिडिओ एडिट करणाऱ्यांच्या व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे चित्रातले रंग दाखवणाऱ्या गोल आलेखावर, त्वचेसाठी एकच रेघ आखलेली असते आणि तऱ्हेतऱ्हेच्या वर्णांचे चेहरे त्या रेघेच्या आसपासच पडतात, ते याच कारणाने. वर्णाचा फरक मुख्यतः उजेडाचा आहे, त्यामुळे तो सांभाळण्याचं काम एक्स्पोजरचं, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा त्याचं. व्हाइट बॅलन्सचा संबंध समोर कोणता दिवा आहे याच्याशी.

मग हळदीच्या फोटोत बिघडतं काय? व्हाइट बॅलन्स म्हणजे निव्वळ गुणाकार. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश वेगवेगळा मोजतो आणि लाल व निळ्याला एकेका आकड्याने गुणतो, म्हणजे राखाडी वस्तू राखाडी दिसावी. प्रश्न एवढाच, की आकडा ठरवायचा कसा? सर्वांत जुनी आणि सोपी युक्ती अशी, की दृश्यातल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडीच येते असं धरून चालायचं. बाजारपेठेतल्या रस्त्यावर हे बऱ्यापैकी जमतं. हळदीच्या मांडवात मागे पिवळा पडदा, झेंडूच्या माळा, नवरीची पिवळी साडी. समजा सरासरी आली लाल ४०, हिरवा ३२, निळा १६. कॅमेऱ्याला वाटतं, दिवाच पिवळा आहे. तिन्ही ३२ वर आणायला तो लालला ०.८ ने आणि निळ्याला २ ने गुणतो.

आता सावळ्या मावशीच्या चेहऱ्यावरून आलेला प्रकाश मोजला तर तो वरच्या तक्त्यातल्या गडद चौकोनासारखा, साधारण १७, ८, ६. गुणाकारानंतर झाला १४, ८, १२. निळा हिरव्याच्या पुढे गेला आणि मावशी जांभळी झाली. शेजारच्या गोऱ्या नवरीचे ५४, ३०, २२ बदलून झाले ४३, ३०, ४४. तीही जांभळीच. मावशीचा चेहरा बिघडला की लगेच "सावळ्या रंगाला कॅमेरा मानवत नाही" असं कुणीतरी म्हणतं, पण चूक दोघींच्या बाबतीत एकच आहे आणि ती पडद्यामुळे झाली आहे. आजचे फोन इतके भोळे नाहीत, ते चेहरा ओळखतात आणि दुरुस्तीला मर्यादा घालतात. तरीही पिवळ्या मांडवात त्यांची ओढ निळ्याकडे असतेच.

इथे एक मेख आहे. पिवळा पडदा मागे असेल तर तो नुसता देखावा. पण ऊन पिवळ्या कापडातून गाळून चेहऱ्यावर पडत असेल, तर उजेड खरोखरच पिवळा आहे आणि दुरुस्ती हवीच. नुसत्या डोळ्यांनी हा भेद करणं कठीण, म्हणून राखाडी कार्ड वापरायचं. ते चेहऱ्याशेजारी, चेहऱ्यावर पडतो त्याच उजेडात धरून एक फोटो काढायचा आणि नंतर एडिटिंगमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर, म्हणजे "हा भाग राखाडी आहे" असं दाखवायचं साधन, त्याच्यावर टेकवायचा. मिळालेला आकडा त्या उजेडातल्या सगळ्यांना लावायचा, मावशीलाही आणि नवरीलाही.

कार्ड नसलं की लोक काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ड्रॉपर टेकवतात. आपल्याकडे हा उपाय हमखास दगा देतो, कारण पांढरे कपडे नीळ घालून धुतलेले असतात, आणि साबणाच्या पावडरीतली चकाकी आणणारी द्रव्यं न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. सदरा निळसर असतो, सॉफ्टवेअर त्यातला निळा काढून टाकतं आणि सगळे चेहरे कावीळ झाल्यासारखे पिवळे पडतात. शिवाय उन्हामुळे सदरा फोटोत पूर्ण पांढरा आला असेल, तर तिन्ही आकडे २५५ या कमाल मर्यादेला टेकलेले असतात. त्यातून उजेडाचा रंग कळणार कसा?

एवढं करून फोटो तटस्थ झाला, तरी तो जरा थंड वाटू शकतो. संध्याकाळी समईच्या आणि बल्बच्या उजेडात आपला डोळाही सगळा पिवळेपणा पुसून टाकत नाही, थोडा शिल्लक ठेवतो. म्हणून थोडी ऊब परत द्यावी लागते, आणि इथे टेंपरेचर ज्यात मोजतात तो केल्व्हिनचा आकडा फसवतो. २८०० वरून ३००० केल्व्हिनवर गेलं तर रंग चांगलाच बदलतो. ६५०० वरून ६७०० वर गेलं तर बदल कळतसुद्धा नाही. दोन्हीकडे पाऊल २०० चंच आहे. डोळ्याला जाणवणारा फरक मोजायला मायरेड हे एकक बरं. दहा लाखाला केल्व्हिनने भागायचं. पहिल्या पावलात फरक येतो सुमारे २४ मायरेडचा, दुसऱ्यात ५ चासुद्धा नाही. चेहऱ्याला हलकी ऊब द्यायला १० मायरेड पुरे होतात. दुपारच्या फोटोत स्लायडर ५५०० वरून साधारण ५८०० वर न्यायचा, पण बल्बखालच्या फोटोत २८०० वरून फक्त २८८० पर्यंत. तिथेही ३०० ची सरसकट वाढ केली की चेहरे शेंदरी होतात. स्लायडर वर नेल्यावर फोटो उबदार का होतो, हा प्रश्न पुष्कळांना छळतो. तो आकडा आपण सॉफ्टवेअरला "उजेड एवढा निळा होता" म्हणून सांगत असतो आणि ते उलट दिशेने भरपाई करतं.

राहिला मावशीचा चेहरा, जो लख्ख पडद्यामुळे काळवंडून आलाय. तेवढाच भाग निवडून, म्हणजे मास्क करून, तो दोन-तृतीयांश स्टॉप उजळला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), की तिन्ही आकडे १.६ ने गुणले जातात. १७, ८, ६ चे झाले २७, १३, १०. प्रमाण तेच, म्हणून रंग तोच, फक्त उजेड वाढला. याउलट फेड किंवा मॅटसारखे इफेक्ट काळ्याची पातळी वर उचलतात. म्हणजे ते गुणत नाहीत, मिळवतात. प्रत्येकात १० मिळवले तर २७, १८, १६. लाल तेवढाच वाढला, पण हिरवा आणि निळा त्याच्या अंगावर आले आणि चेहरा राख फासल्यासारखा झाला. गडद त्वचेचे मूळ आकडे लहान, म्हणून बेरजेचा फटका तिलाच जास्त बसतो. नवरीच्या ५४, ३०, २२ मध्ये १० मिळवले तरी तिचं फारसं बिघडत नाही. ब्यूटी मोडच्या नावाखाली चेहरे सरसकट उजळणारे फोन नेमकं कुणाचं नुकसान करतात, हे या एका बेरजेत दिसतं. मावशीला नवरीइतकं उजळ करणं हा त्यांचा हट्ट, आणि मला तो एडिटिंगपेक्षा खोटेपणाच वाटतो.

अशीच एक बेरीज निसर्गही करतो. कातडीच्या वरच्या पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश आत न शिरताच परततो, कुठल्याही वर्णाच्या माणसात. त्याला मेलानिनचा स्पर्शच होत नाही, त्यामुळे त्याचा रंग समोर असेल त्या आकाशाचा किंवा भिंतीचा. उजळ त्वचेतून येणाऱ्या २२ टक्के निळ्यात हे ४ टक्के लपून जातात, ६ टक्क्यांत लपत नाहीत. म्हणून झाडाखाली किंवा गच्चीच्या सावलीत सावळ्या कपाळावर आणि गालांवर निळसर चकाकी दिसते. ती काढायला सगळा फोटो वॉर्म केला तर नवरी नारिंगी होते. माणसाला थोडं वळवावं, घाम टिपून घ्यावा, किंवा निळ्या आकाशाच्या बाजूला एक पांढरा थर्माकोल धरावा. काम होतं.

आणि एका ठिकाणी कुठलाही स्लायडर चालत नाही. हॉलमधल्या स्वस्त एलईडी ट्यूबच्या उजेडात गडद लाल भाग तुटपुंजा असतो. खोक्यावर छापलेला सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा, आकडा हा आठ फिकट रंगांची सरासरी असते आणि गडद लालची चाचणी त्यात धरलेलीच नसते, तिचा आकडा आर९ म्हणून वेगळा असतो. त्वचेतून परत येणाऱ्या प्रकाशाची भिस्त लालवर, आणि तोच पुरेसा पोचला नाही तर गुणायला उरतं काय? राखाडी कार्ड बरोबर राखाडी दिसतं, सदरा पांढरा दिसतो आणि सगळ्या वर्णांचे चेहरे मात्र निर्जीव. कार्ड ठीक असूनही चेहरे मलूल आले, की दोष ट्यूबचा समजावा आणि नवरा-नवरीला खिडकीपाशी न्यावं.