सरासरीतून फुटणारी नावं

वर्षातून एकदा अनेक कंपन्यांत ई-मेल येतो: तुमच्या मॅनेजरबद्दलची प्रश्नावली भरा, तुमचं नाव कुठेही दिसणार नाही. लोक आधी एकमेकांकडे बघतात आणि मग सगळीकडे चार-चार गुण देऊन मोकळे होतात. या संशयाला आधार आहे. लबाडी कोणी करत नसलं तरी साध्या बेरीज-वजाबाकीतून नाव फुटू शकतं.

या पद्धतीला ‘३६० अंशांचा फीडबॅक’ म्हणतात. एका मॅनेजरबद्दल त्याचा साहेब, बरोबरीचे सहकारी, हाताखालचे लोक आणि तो स्वतः अशा चार गटांना तेच प्रश्न विचारले जातात. रिपोर्टमध्ये प्रत्येक गटाची सरासरी वेगळी दाखवतात. साहेब बहुधा एकच असतो, त्यामुळे त्याचे गुण उघडच असतात आणि हे त्यालाही ठाऊक असतं. बाकी गटांसाठी नियम असतो तो किमान संख्येचा. बहुतेक ठिकाणी ही संख्या तीन असते. गटातून तिघांपेक्षा कमी उत्तरं आली तर त्या गटाची सरासरी दाखवायची नाही. नियम बरोबर आहे, पण पुरेसा नाही.

समजा, नीलिमा नावाच्या मॅनेजरच्या रिपोर्टमध्ये एक विधान आहे: ‘मी बोलत असताना माझं वाक्य पूर्ण होऊ देतात.’ उत्तर १ म्हणजे कधीच नाही, ५ म्हणजे नेहमी. साहेबांनी ४ दिले. हाताखालच्या चौघांनी उत्तर दिलं, त्यांची सरासरी ३.५. बरोबरीच्या चौघांना विचारलं होतं, पण दोघांनीच भरलं. दोघं म्हणजे तिघांपेक्षा कमी, म्हणून त्या रकान्यात फक्त रेघ. शेजारी मात्र ‘सर्वांची सरासरी’ छापली आहे: सात जण, ३.०.

आता नीलिमाने कॅल्क्युलेटर काढायचीही गरज नाही. सात त्रिक एकवीस. हाताखालच्या चौघांचे मिळून १४, साहेबांचे ४. उरले ३. दोन माणसं, किमान गुण १, बेरीज ३. म्हणजे एकाने १ दिला आणि दुसऱ्याने २. झाकलेल्या रेघेखालचे दोन्ही आकडे जसेच्या तसे बाहेर आले. कोणाचा कुठला, एवढंच काय ते उरलं. गेल्या महिन्यात जिच्याशी खटका उडाला तिच्याच नावावर नीलिमा तो १ टाकणार, मग तो तिने दिलेला असो वा नसो.

लोकसंख्येचे तक्ते छापणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांना ही अडचण फार जुनी आहे. एक रकाना झाकला तर एकूण बेरजेतून तो उघडा पडतो, म्हणून सोबत आणखी एखादा रकाना झाकावा लागतो. इथेही तोच उपाय. एक तर ‘सर्वांची सरासरी’ काढून टाकायची, नाहीतर बरोबरीचे आणि हाताखालचे एकत्र करून सहा जणांचा एकच गट दाखवायचा: २.८. मग हाताखालच्यांचा आकडा वेगळा छापता येत नाही. नीलिमाला थोडी कमी माहिती मिळते, पण माणसं वाचतात. माझ्या मते हा सौदा करावाच.

वजाबाकीची आणखी एक वाट वेळेतून जाते. रिपोर्ट तयार झाला आणि दोन दिवसांनी हाताखालच्या पाचव्या माणसाने प्रश्नावली भरली. नवा रिपोर्ट निघाला: चौघांचे ३.५ होते, पाच जणांचे ३.० झाले. चौदाचे पंधरा. उशिरा भरणाऱ्याने १ दिला हे उघड. त्यामुळे मुदत संपल्यावर प्रश्नावली बंद करायची आणि रिपोर्ट एकदाच काढायचा. ‘राहिलेल्यांसाठी’ तो पुन्हा उघडायचा नाही. आणि सगळ्यांचं एकमत झालं तर किमान संख्याही हतबल असते. तिघांची सरासरी १.० आली तर तिघांनीही १ दिला, यात गणित करण्यासारखं काही नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? नाव कळणार म्हटलं की आकडे बदलतात म्हणून. १९९४ मध्ये डेव्हिड अँटोनिओनी यांनी अमेरिकेत हे तपासलं. ज्यांची नावं मॅनेजरला कळणार होती, त्यांनी नाव न कळणाऱ्यांपेक्षा जास्त गुण दिले. गंमत म्हणजे मॅनेजरांना नावासकट आलेला फीडबॅकच जास्त आवडला.

किमान संख्येचं दुसरंही एक कारण आहे, ते गोपनीयतेइतकं बोललं जात नाही. २००० साली स्कलन, माउंट आणि गॉफ यांनी चार हजारांहून जास्त मॅनेजरांना मिळालेले गुण तपासले. प्रत्येकाला दोन साहेब, दोन बरोबरीचे आणि हाताखालचे दोघं गुण देत होते. गुणांमधल्या फरकाचा निम्म्याहून जास्त भाग मॅनेजरच्या कामातून नव्हे, तर गुण देणाऱ्याच्या स्वभावातून आला होता. कोणी हात सैल सोडतो, कोणी आखडता घेतो. त्यामुळे एकट्याने दिलेला १ बराचसा त्या एकट्याबद्दलच सांगतो. जास्त माणसांची सरासरी घेतली की या लहरी काही प्रमाणात एकमेकींना खातात. म्हणूनच तीन उत्तरं हवी असतील तर तिघांनाच विचारून भागत नाही. सहा-आठ जणांना विचारावं, कारण सगळे भरत नाहीत.

विधानांची भाषा हा लहरीपणा थोडाफार आवरू शकते. ‘नेतृत्वगुण आहेत’ या विधानाला गुण देताना माणूस आपली आवडनिवड देतो. ‘काम सोपवताना ते कधीपर्यंत हवं हे सांगतात’ याला गुण देताना निदान आठवावं लागतं. डोळ्यांना दिसणारी कृती, एका विधानात एकच, आणि ठरावीक काळातली, म्हणजे गेल्या सहा महिन्यांतली. ‘वेळेवर आणि स्पष्ट सूचना देतात’ यात दोन प्रश्न आहेत. सूचना वेळेवर पण गोंधळाच्या असतील तर काय लिहायचं? ‘मध्येच बोलत नाहीत’ असं नकारी विधान तर टाळावंच. त्याला ‘कधीच नाही’ हे उत्तर देताना लोक घोटाळतात आणि कौतुकाची तक्रार होऊन बसते.

शिवाय प्रत्येक गटाला सगळं दिसत नाही. काम कसं सोपवलं जातं हे हाताखालच्यांना दिसतं, बरोबरीच्यांना क्वचितच. म्हणून ‘माझ्या पाहण्यात आलेलं नाही’ हा पर्याय लागतोच, नाहीतर लोक अंदाजाने ३ टाकतात. पण इथेच गोपनीयता पुन्हा अडचणीत येते. ‘रजेच्या अर्जाला दोन दिवसांत उत्तर देतात’ हे विधान घ्या. गटात पाच जण आहेत, पण चौघांनी ‘पाहण्यात आलेलं नाही’ निवडलं, कारण या काळात रजा एकानेच मागितली. गट पाचाचा म्हणून प्रणाली खुशाल सरासरी छापते, आणि ती असते एका माणसाची. म्हणून तिनाचा नियम गटाला एकदा लावून चालत नाही, प्रत्येक विधानाला स्वतंत्रपणे लावावा लागतो. प्रश्नावलीच्या पुरवठादाराला मी सगळ्यात आधी हेच विचारेन.

शेवटच्या मोकळ्या चौकटीतल्या शेऱ्यांना तर कुठलीच सरासरी वाचवत नाही. पुण्याच्या टीममध्ये ‘मॅडम सारखं चिडून राहिल्या’ असा शेरा आला की नागपूरचा कोण हे सगळ्यांना कळतं. शेरे त्रयस्थाने संपादित करावेत आणि गटवार न छापता एकत्र, क्रम बदलून द्यावेत.

राहिला तो ई-मेल. प्रत्येकाला वेगळी लिंक जाते, म्हणजे कोणी काय भरलं हे प्रणालीत कुठेतरी नोंदलेलं असतंच. तेव्हा ‘निनावी’ हा शब्द तिथे खोटा पडतो, ‘गोपनीय’ म्हणावं. आणि पुढे चार गोष्टी सांगाव्यात: तुमचा गट कोणता, किमान किती उत्तरं लागतील, तेवढी आली नाहीत तर तुमचे गुण कोणत्या गटात मिसळले जातील, आणि मूळ उत्तरं कोण उघडून पाहू शकतो.