सर्क्युलर तिकिटाची 'अर्धं भाडं, कन्फर्म सीट' ही गोष्ट खरी का?

"सर्क्युलर तिकीट काढलं की अर्ध्या पैशात सगळी शहरं फिरता येतात आणि सगळ्या गाड्यांत सीट पण पक्की, खरं का?"

नाही हो. सर्क्युलर तिकीट म्हणजे एका स्टेशनवरून निघून, शहरं फिरत, परत त्याच स्टेशनवर यायचं रेल्वेचं एकच तिकीट. 'अर्धं' आलं कुठून तर हिशोबातून, म्हणजे एकूण अंतराचे दोन समान भाग करतात आणि दोन सिंगल प्रवासांचं भाडं लावतात, म्हणजे अर्धं होतं ते अंतर, पैसे नाही.

आता समजा पुणे-हैदराबाद-चेन्नई-बंगळुरू-पुणे, अंदाजे २८०० किमी. भाडं १४०० किमीच्या दोन तिकिटांचं. रेल्वेचा दर अंतर वाढेल तसा किलोमीटरमागे उतरतो, त्यामुळे चार सुटी तिकिटं काढली तर प्रत्येक वेळी परत महागड्या टप्प्यापासून सुरुवात, इथे ती दोनदाच, बचत म्हणायची ती एवढीच. म्हणून नुसतं पुणे-दिल्ली-पुणे करणाऱ्याला काहीच फायदा नाही, त्याचे दोन सिंगल आधीच आहेत!

मुदत पण अंतरावरच. ४०० किमीला प्रवासाचा एक दिवस आणि २०० किमीला मुक्कामाचा एक, म्हणजे वरच्या फेरीला ७ अधिक १४, २१ दिवस. उतरायचं जास्तीत जास्त आठ ठिकाणी, आणि सुरुवात-शेवट एकाच स्टेशनवर.

सीटचं मात्र वेगळंच. आधी पूर्ण रूट लिहून विभागाच्या कमर्शियल ऑफिसात किंवा मोठ्या स्टेशनच्या मॅनेजरकडे अर्ज, मग तिकीट, आणि त्यानंतर रिझर्वेशन काउंटरवर प्रत्येक टप्प्याचं बुकिंग. तिथे वेटिंग लागलं तर लागलं. रिझर्वेशन आणि सुपरफास्टचा चार्जही टप्प्याटप्प्याला वेगळा, त्यामुळे दिवाळीच्या गर्दीत आधी जागा बघा, मग अर्ज लिहायला बसा.