सालदाराच्या बोलीत न धरलेलं काम

विदर्भातल्या खेड्यांत गुढीपाडव्याला सालदाराची, म्हणजे वर्षभरासाठी ठेवायच्या शेतगड्याची, बोली होते. वर्षाचे पैसे, धान्य, मधे लागणारी उचल, सगळं ओट्यावर बसून ठरतं. सालदाराची बायको वाड्यातलं काम पाहील, हे मात्र बहुतेकदा कुणी बोलूनही दाखवत नाही. सडा-सारवण, भांडी, धुणं हे त्या सालातच आलं असं धरून चालतात.

याचं एक मूळ 1948 च्या किमान वेतन कायद्यात आहे. अनुसूचीत ज्या कामाचं नाव असेल, त्यालाच तो लागू होता. शेती त्या यादीत पहिल्यापासून होती, घरकाम नव्हतं. त्यामुळे एकाच वाड्यात नवऱ्याच्या वावरातल्या मजुरीला कायद्याचा आधार मिळाला आणि बायकोच्या कामाला काहीच मिळालं नाही. ती वावरात निंदायला गेली की कायद्याने मजूर होती, न्हाणीजवळ भांडी घासायला बसली की नव्हती. एवढी उघड विसंगती इतकी वर्षं टिकली, याचं मला फार वाईट वाटतं.

समजा, सकाळी अडीच तास आणि संध्याकाळी दोन तास ती वाड्यात राबते. महिन्याच्या तीस दिवसांत हे 135 तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर जवळपास सतरा दिवसांची मजुरी झाली. तिच्या हाती येतात थोडे पैसे, पायलीभर ज्वारी, उरलेलं कालवण आणि दिवाळीला लुगडं. त्या कायद्याखाली मजुरी रोख द्यायची होती. रूढीप्रमाणे धान्य द्यायचं तर सरकारची परवानगी हवी आणि त्याची किंमतही ठरलेली हवी. घरकाम यादीतच नसल्यामुळे शिळ्या भाजीचा हिशेब मागायची सोय तिला नव्हती. आठवड्याच्या पगारी सुट्टीची तरतूदही याच कारणाने तिच्यापर्यंत आली नाही.

यादीत नवं काम घालण्याचा अधिकार राज्यांना होता. कर्नाटकाने तो वापरून 2004 मध्ये घरकामाचे दर ठरवले. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात 18 ते 60 वयाच्या कामगारांची नोंदणी आणि मदतीच्या योजना आहेत. मजुरी आणि सुट्टी ठरवणं हे त्या कायद्याचं काम नाही.

2011 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार संमत केला. आठवड्यात सलग 24 तास विश्रांती, किमान वेतन असलेल्या देशांत घरकामगारांनाही त्याचं संरक्षण आणि शक्य तिथे लेखी अटी, असं त्यात आहे. भारताने बाजूने मत दिलं, पण करार अजून अंगीकारलेला नाही. 2019 च्या वेतन संहितेत जुनी अनुसूची राहिली नाही. तरी ती संहिता ‘आस्थापने’तल्या कामगारांसाठी आहे, आणि त्या शब्दात खाजगी घर बसतं का, हा प्रश्न आहेच.

तक्रार उभी राहायची तर कामाचा पुरावा लागतो, आणि पाडव्याची बोली तोंडीच असते. कागद झालाच तर तो सालदाराच्या उचलीचा होतो. त्यावर अंगठा नवऱ्याचा असतो. बायकोचं नाव, तिच्या कामाचे तास आणि तिचे वेगळे पैसे त्या कागदावर नसतात.