सुट्टीचा एसएमएस रात्री अडकू नये म्हणून
(आमची संदेश सेवा वापरणाऱ्या शाळांचे मुख्याध्यापक व लिपिक यांच्यासाठी)

मराठवाड्यात जोराच्या पावसामुळे शाळा बंद ठेवण्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश बऱ्याचदा आदल्या संध्याकाळी किंवा रात्री येतो. त्या वेळी नवा मजकूर लिहून पाठवायला गेलात तर तो पालकांपर्यंत पोहोचत नाही. एसएमएसचा मजकूर आधी डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी प्रणालीवर नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो आणि पाठवलेला मजकूर त्याच्याशी जुळला नाही तर मोबाइल कंपनी तो अडवते. मंजूर मजकुरातल्या ‘पावसामुळे’च्या जागी ‘अतिवृष्टीमुळे’ टाकले, तरी एसएमएस जात नाही. मंजुरी त्याच रात्री मिळेल असे धरून चालू नका. म्हणून पावसाचा मजकूर मे महिन्यातच आणि उन्हाळी वेळेचा फेब्रुवारीत नोंदवून ठेवा. वार, तारीख आणि वेळ एवढ्याच जागा बदलत्या ठेवा.

पावसासाठी हा मजकूर चालतो:

‘मंगळवार 18/08 पावसामुळे शाळा बंद. गाडी येणार नाही. बुधवारचे सायंकाळी 6 वाजता कळवू.’

यात ‘उद्या’ हा शब्द मुद्दाम घेतलेला नाही. पावसात वीज जाते, टॉवर बंद पडतो आणि एसएमएस दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला जातो. मग पालक ‘उद्या’चा हिशेब एक दिवस पुढे धरतात. गाडीचा उल्लेखही गाळू नका, नाहीतर मूल भर पावसात फाट्यावर गाडीची वाट पाहत उभे राहते.

आता लांबीचे. देवनागरी एसएमएस 70 चिन्हांत एक धरला जातो. त्यापेक्षा लांब झाला की प्रत्येक भागात 67 चिन्हे बसतात आणि पैसे भागांप्रमाणे लागतात. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, मोकळी जागा हे सगळे वेगळे मोजले जाते. ‘मुख्याध्यापक’ डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो, पण मोजला जातो 12 चिन्हांचा. वरचा मजकूर 82 चिन्हांचा, म्हणजे दोन भागांचा आहे. दोन भागांत 134 चिन्हे मावतात, त्यामुळे शाळेच्या नावासाठी 52 उरतात. पैसे वाचवायला गाडीचे वाक्य काढून एका भागात बसवणे आम्हाला पटत नाही.

उन्हाळ्यातला बदल बहुधा अनेक दिवस चालतो, म्हणून त्यात ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ हवेच. ‘शाळा सकाळची’ एवढेच लिहू नका. ‘सकाळी 7.15 ते 11.30’ असे लिहा, कारण पालकांना भर दुपारी न्यायला कधी यायचे हे सुटण्याच्या वेळेवरूनच कळते.

हवामान खात्याचा रेड अलर्ट म्हणजे सुट्टी नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या आदेशावर तारीख, जिल्हा आणि सही पाहा; मागच्या वर्षीचा कागद दर पावसाळ्यात पुन्हा फिरतो. आदेशात ठरावीक तालुके किंवा इयत्ता असतील तर फक्त त्याच पालकांची यादी निवडा. पाठवल्यावर अर्ध्या तासाने अहवाल उघडा आणि ‘पोहोचला नाही’ असे दिसणारे नंबर वर्गशिक्षकांकडे फोनसाठी द्या.