रेंज जशीच्या तशी, तरी पाणी गरम का?

वाफेच्या इंजिनांच्या कंडेन्सरला नदी-तलावांचं पाणी पुरेना, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेच पाणी थंड करून पुन्हा फिरवणारे कूलिंग टॉवर आले. १९१८ मध्ये नेदरलँड्समध्ये हेर्लेनजवळच्या कोळसा खाणीवर डमरूच्या आकाराचा काँक्रीटचा टॉवर उभा राहिला. हिशेबाला पाया मिळाला तो १९२५ मध्ये जर्मनीत. हवा-पाण्याच्या तापमानातला नुसता फरक न धरता हवेतली एकूण उष्णता, म्हणजे बाष्पातलीही धरून, मोजायला सुरुवात झाली.

ते गरजेचंच होतं, कारण टॉवरमधली बरीचशी उष्णता बाष्पावाटे जाते. एक किलो पाणी १ अंशाने थंड करायचं तर १ किलोकॅलरी काढावी लागते. तेच एक किलो पाणी उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. शंभर किलोतलं एक किलो उडालं की उरलेलं जवळपास ६ अंशांनी उतरतं. म्हणूनच नागपुरात मे महिन्यात हवा ४३ अंशांवर असली तरी वेट बल्ब, म्हणजे ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरवरचं तापमान, २४-२५ च्या आसपास असू शकतो, आणि पाणी हवेपेक्षा पुष्कळ थंड मिळतं. मुंबईत पावसाळ्यात हवा ३० अंश, पण वेट बल्ब २८ पर्यंत जातो. त्याच्या खाली टॉवर पाणी नेऊ शकत नाही.

घोळ होतो तो रेंज आणि अप्रोचमध्ये. रेंज म्हणजे टॉवरमध्ये पाणी किती अंश उतरलं ते, अप्रोच म्हणजे थंड पाणी वेट बल्बच्या किती अंश वर राहिलं ते. गरम पाणी ३८, थंड ३२, वेट बल्ब २८ असेल तर रेंज ६ आणि अप्रोच ४. पुढे टॉवरमध्ये पाणी पसरवणाऱ्या भरणीत, म्हणजे फिलमध्ये, लाकडी पट्ट्यांच्या जागी पीव्हीसीच्या पातळ पत्र्यांचं फिल्म फिल आलं. टॉवर आटोपशीर झाले, पण क्षार आणि गाळ साचून ते लवकर तुंबू लागलं. फिल तुंबलं की थंड पाणी ३४ वर जातं, गरम ४० वर, रेंज मात्र ६ च! लॉगशीटवर फक्त रेंज लिहिणाऱ्यांना टॉवर ठणठणीत वाटतो. रेंज ठरते प्लँटच्या लोडवर आणि पाण्याच्या फ्लोवर. पंपाचा व्हॉल्व्ह दाबला तर ती वाढतेसुद्धा. टॉवरची परीक्षा रेंजवर घेणं साफ चूक आहे. लोड, फ्लो आणि वेट बल्ब तेच असताना अप्रोच ४ वरून ६ वर गेला, तर बिघाड टॉवरमध्येच शोधावा: फिल, तुंबलेले नोझल, पंख्याच्या पात्यांचा कोन.

वेट बल्ब मात्र हवामान खात्याच्या आकड्यावरून घेऊ नये. टॉवरने फेकलेली दमट हवा भिंत किंवा टॉवरच्या शेजारच्या कप्प्यामुळे, म्हणजे सेलमुळे, पुन्हा आत खेचली जाते आणि हवा आत घेणाऱ्या लुव्हरपाशी वेट बल्ब अंशभर जास्त भरतो. वेट बल्ब मोजणारा सायक्रोमीटर तिथेच धरावा. बाहेरच्यापेक्षा तिथला आकडा सतत जास्त येत असेल, तर फिल कितीही धुतलं तरी थंड पाण्याचं तापमान पुरतं खाली येणार नाही.