नाव बदललं म्हणजे ओळख झाकली असं नसतंय

फारकतीवर लिहायला बसलं की आपण सगळ्यात आधी नावं बदलतो. नवऱ्याला सुनील करायचं, लेकीला पिंकी, गावाला नुसतं 'आमचं गाव' म्हणायचं, आणि वाटतं झालं, आता कुणाला कळतंय. पण नाव बदलणं वेगळं अन् ओळख झाकणं वेगळं. आपल्याकडं तर जास्तच, कारण मराठवाड्यात माणूस नावापेक्षा 'कुणाचा जावई, कुठल्या दुकानाचा' यावरून आधी ओळखला जातो.

माझंच सांगते. मी पहिल्यांदा लिहिलं होतं ते असं: 'सुनीलचं मोंढ्यात खताचं दुकान, थोरली सातवीत, धाकटा बोलताना अडखळायचा, फारकत झाली अन् मी जिंतूरला माहेरी आले.' नाव एकही खरं नाही. त्याच गावातल्या मैत्रिणीला वाचायला दिलं तर चौथ्या ओळीला तिनं दुकानाचा बोर्डच सांगितला. बरोबरच होतं तिचं, मोंढ्यात खताची दुकानं असतील वीस-पंचवीस, त्यात जिंतूरची सून दोन-तीन घरांत, आणि त्यात फारकत झालेलं घर एकच. एकेका तपशिलानं काही कळत नाही हो, पण चार मिळून चाळणी होते अन् खाली एकच माणूस उरतो.

मग प्रत्येक तपशिलाला विचारत गेले, गोष्टीला तुझी गरज आहे का? जिंतूरची नव्हती, सातवीची नव्हती, काढून टाकले. खताच्या दुकानाची मात्र अर्धी गरज होती, कारण आमची भांडणं जूनमध्ये पेटायची, सगळा पैसा उधारीत अडकलेला असायचा आणि सोयाबीन घरात येईपर्यंत घरात कुणी नीट बोलायचं नाही. म्हणून 'हंगामावर चालणारा धंदा' एवढंच ठेवलं. असे धंदे आपल्याकडं शेकड्यानं आहेत, आणि भांडणाचं कारण जसंच्या तसं राहिलं. इथं एक चूक लोक हमखास करतात, ओळखू येऊ नये म्हणून नवऱ्याला दारूडा करतात नाहीतर त्याच्या नावावर एखादी बाई जोडतात. ते झाकणं नाही, तो खोटा आरोप झाला, अन् कुणी ओळखलंच तर तो त्या माणसाच्या गळ्यात पडतो.

आणि खरं सांगू का, लेखाच्या वर तुमचं स्वतःचं नाव असेल तर हे सगळं अर्धवटच आहे. 'माझा नवरा' म्हटलं की तो कोण ते पावण्यारावळ्यांना माहीतच असतंय. मग तो ओळखला जाणार हे धरूनच लिहायचं, म्हणजे मला काय दिसलं ते लिहायचं, त्याच्या मनात काय होतं ते नाही. 'त्यानं लपवून कर्ज काढलं' हे मी खोडलं. त्याऐवजी लिहिलं, 'कर्जाचं मला बँकेची नोटीस आल्यावर कळलं. त्याचं म्हणणं होतं, तुला टेन्शन नको म्हणून नाही सांगितलं.' मला ते पटलं नव्हतं अन् आजही पटत नाही, पण तो तसं म्हणाला होता, मग ते लेखात पाहिजेच.

कोर्टातलं तर नाव बदलूनही उतरवू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 प्रमाणं ही सुनावणी बंद खोलीत होते आणि त्या कामकाजातला मजकूर छापायला मनाई आहे, हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाचा निकाल तेवढा त्यांच्या परवानगीनं छापता येतो. दंड हजार रुपयांपर्यंतच आहे म्हणून लोक हसण्यावारी नेतात. पण समोरच्याच्या अर्जातली वाक्यं हातात कागद आहेत म्हणून चिटकवून द्यायची, हे बरोबर नाहीच.

आता मुलं. मोठ्यांच्या बाबतीत झाकणं म्हणजे लोकांपासून झाकणं. पोरांचं तसं नाही, कारण ती स्वतःच कधीतरी वाचणार आहेत, आणि धाकट्याला तुम्ही पिंकी करा नाहीतर भाचा करा, बोलताना अडखळणारं पोरगं आपणच हे त्याला पहिल्या ओळीत कळणार. लेकीला मी विचारलं तर ती म्हणाली, 'लिही की, मला काय.' पण सातवीतल्या पोरीचा होकार म्हणजे बऱ्याचदा आई नाराज होऊ नये एवढाच असतो, त्यावर मी तिची गोष्ट लिहिणार नाही. आधी वाटलं अडखळण्याच्या जागी दुसरं काही आजारपण टाकावं. मग मनात आलं, त्यानं वाचलं तर तो विचारणार, आई हे खोटं कशासाठी लिहिलंस, अन् खरं काय ते त्याला माहीतच आहे. म्हणून ते वाक्यच काढलं आणि त्या जागी त्या वर्षी मला झोप लागत नव्हती एवढंच लिहिलं, ते माझं आहे. पॅरा जरा तुटल्यासारखा वाटतोय तिथं. वाटू दे.