ऑफिस क्रिकेट प्रेडिक्शन पूल: नियमांचा मेसेज

मोठी टूर्नामेंट सुरू व्हायच्या आधी ऑफिसमधला कोणीतरी एक जण ग्रुपवर टाकतो तो मेसेज, ज्यात कोण जिंकणार हे सांगायच्या खेळाचे नियम आणि प्रत्येकाने जास्तीत जास्त किती पैसे घालायचे हे लिहिलेलं असतं. पूल म्हणजे सगळ्यांनी थोडे थोडे पैसे एकत्र टाकायचे आणि ज्यांचे अंदाज जास्त बरोबर येतील त्यांनी ते वाटून घ्यायचे, एवढंच. मेसेज पहिल्या मॅचच्या आधी गेला पाहिजे, कारण पहिला निकाल लागला की प्रत्येक नियमाने कोणाचा फायदा होतो ते दिसायला लागतं आणि मग कोणी निष्पक्ष राहत नाही.

सगळ्यात जास्त विचार लागतो तो खर्चाच्या मर्यादेला. पैसे घ्यायच्या दोन पद्धती आहेत, दर मॅचला थोडे थोडे किंवा टूर्नामेंटसाठी एकदाच. दर मॅचवाली पद्धत स्वस्त वाटते पण तसं नसतं. २०१९ च्या वनडे वर्ल्ड कपमध्ये ४८ मॅचेस होत्या, म्हणजे दर मॅचला एक वाटा टाकणाऱ्याच्या खिशातून शेवटपर्यंत ४८ वाटे बाहेर पडतात, मधे काही परत येतात ते वेगळं. आणि परत किती येतात तेही बघा. समजा बारा जण आहेत, नऊ जणांनी तगड्या टीमला घेतलं आणि तिघांनी दुसऱ्या. तगडी टीम जिंकली तर बारा वाटे नऊ जणांत वाटले जातात, प्रत्येकाला स्वतःच्या एका वाट्यावर जेमतेम एक तृतीयांश जास्त मिळतो, पण ती हरली तर अख्खा वाटा गेला. म्हणजे एक हार भरून काढायला तीन बरोबर अंदाज लागतात, आणि हे कोणी मोजत नाही, सगळ्यांना वाटतं आपण तर जास्त वेळा बरोबर येतोय मग पैसे का कमी होतायत. मग "पुढच्या मॅचला डबल लावतो" सुरू होतं, आणि ऑफिसातला खेळ बिघडतो तो बहुतेक इथेच.

म्हणून एकदाच घेतलेली फी बरी. तिची मर्यादा आपोआप ठरते, जास्तीत जास्त किती जाणार हे पहिल्या दिवशीच माहीत असतं. मेसेजमध्ये साधं असं लिहायचं: "मंडळी, एका माणसाची एकच एन्ट्री, एकच फी, मधे रक्कम वाढणार नाही, आपापसात साइड बेट लावली तर त्याचा या पूलशी संबंध नाही." रक्कम किती हे ऑफिस बघून ठरवायचं, पण माप असं असावं की सगळ्यात कमी पगार असलेल्या माणसाची पूर्ण बुडाली तरी त्याला घरी सांगायला लाज वाटू नये. साहेबाच्या खिशाकडे बघून आकडा ठरवला की बाकीचे संकोचाने हो म्हणतात. त्याच कारणाने होकार ग्रुपवर मागायचा नाही, ज्याला खेळायचंय त्याने पर्सनलवर कळवावं, आणि कोण खेळत नाही याची यादी करायची गरज नाही. जॉइन होणाऱ्यांची नावं आली की बास.

बऱ्याच ठिकाणी पैसे लावून असे अंदाज लावणं कायद्याने जुगारात मोडू शकतं आणि अनेक कंपन्यांच्या पॉलिसीतही त्याला परवानगी नसते, त्यामुळे फी ठरवायच्या आधी एचआरला विचारणं हे पहिलं काम. नाही म्हणाले तर पॉइंट्स तेच ठेवून पैसे काढून टाकायचे, मजा फार कमी होत नाही. आयोजकाने स्वतःसाठी कमिशन तर अजिबात ठेवायचं नाही, त्याने खेळाचं स्वरूपच बदलतं.

दुसरा भांडणाचा मुद्दा म्हणजे वेळ. टॉस साधारण मॅचच्या अर्धा तास आधी होतो आणि त्याच वेळी दोन्ही टीमचे अकरा जण कळतात. टॉसनंतर अंदाज घेतला तर उशिरा पाठवणाऱ्याकडे जास्त माहिती असते, त्यामुळे छापील वेळेच्या एक तास आधी फॉर्म बंद. पावसाने मॅच लांबली तरी फॉर्म परत उघडायचा नाही. २०१९ मध्येच मँचेस्टरला भारत-न्यूझीलंड सेमीफायनल ९ जुलैला सुरू झाली, न्यूझीलंड ४६.१ ओव्हरमध्ये २११/५ वर असताना पावसाने थांबली, उरलेली मॅच रिझर्व्ह डेला १० तारखेला झाली आणि न्यूझीलंड १८ रनांनी जिंकलं. दहा तारखेला सकाळी "आता बदलू का" असं विचारणारा एखादा तरी असतोच, त्याला उत्तर मेसेजमध्ये आधीच हवं: मॅच एक, अंदाज एक. आयोजक पण खेळत असेल तर त्याने स्वतःचा अंदाज सगळ्यांच्या आधी ग्रुपवर टाकायचा, कारण बाकीच्यांचे अंदाज तोच बघत असतो. अंदाज पाठवायला विसरला त्याला शून्य, इथे दयामाया नको, नाहीतर "मी मनात तीच टीम धरली होती" वाले तयार होतात.

निकाल कशाला म्हणायचं हे पण लिहावंच लागतं. त्याच वर्ल्ड कपमध्ये चार मॅचेसचा निकालच लागला नाही, तीनमध्ये तर एक बॉलही पडला नाही. तिथे कोणालाच पॉइंट नाही, किंवा सगळ्यांना सारखे, दोन्हींनी टेबलमधला फरक तेवढाच राहतो, काहीही चालतं पण एकच ठरवा. ओव्हर कमी झाल्या आणि डकवर्थ-लुइस-स्टर्नने निकाल आला तर अधिकृत विजेता तोच विजेता. आणि टाय? १४ जुलै २०१९ ची लॉर्ड्सची फायनल आठवा, न्यूझीलंड २४१/८, इंग्लंड २४१ ऑल आउट, सुपर ओव्हरमध्ये पण १५-१५, आणि शेवटी बाउंड्री जास्त म्हणून, २६ विरुद्ध १७, कप इंग्लंडला. नियम लिहिलेला नसेल तर इंग्लंड सांगणारा पॉइंट मागणार, न्यूझीलंडवाला म्हणणार मॅच तर टाय होती, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीने बाउंड्री मोजायचा नियम काढला, पण ऑफिसला पुरेल असं एक वाक्य कायम चालतं: "ज्याला अधिकृतपणे विजेता जाहीर केलं किंवा जो पुढच्या फेरीत गेला, तोच जिंकला, त्यातही कोणी नसेल तर टाय, कोणालाच पॉइंट नाही."

पॉइंट्समध्ये फार हुशारी नको. लीग मॅचला एक, नॉकआउटला दोन, एवढ्याने टेबल शेवटपर्यंत जिवंत राहतं. फायनलला दहा पॉइंट ठेवले तर आधीचा महिनाभर कोणी काय सांगितलं याला अर्थच उरत नाही.

वाटप पण आधीच लिहायचं. बारा जणांचे बारा वाटे असतील तर पहिल्याला सहा, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला दोन. दोघं पहिल्या नंबरवर आले तर पहिला आणि दुसरा दोन्ही नंबरचे वाटे मिळवून निम्मे, म्हणजे प्रत्येकी पाच, आणि पुढचा माणूस तिसऱ्याचे दोन घेतो. तिघं बरोबरीत असले तर बाराला तीनने भागा, प्रत्येकी चार.